पान जाड आहे, पण कसलं जाड?

"वास्तुशांतीला एक झाड भेट आलंय. देणाऱ्यांनाही नाव माहीत नाही. पाणी किती घालू आणि ठेवू कुठे?"

नाव नंतर कळलं तरी चालतं. फोटो काढून नाव शोधलं तर पाच मिनिटांत तीन वेगवेगळी नावं हाती येतात, आणि कुंडी आहे तिथेच राहते. पाणी आणि उजेड या दोन गोष्टींचा अंदाज झाडाच्या अंगावरूनच बांधता येतो. ठाणे-नवी मुंबईत अलीकडे वारंवार भेट येणारं एक झाड घेऊन तो कसा बांधायचा ते सांगते.

वर्णन असं: वीतभर उंचीचं, गच्च पानांचं झुडूप. पानं सहा-आठ सेंटीमीटर लांब, चमच्यासारखी, टोकाकडे गोल, गडद हिरवी, गुळगुळीत, चांगली जाड. खोड पेन्सिलीएवढं, हिरवट-तांबूस, रसरशीत. कुंडी चकचकीत पांढरी, बुडाला भोक नाही. बघणारे दहातले सहा जण म्हणतात, "रबर प्लांटचं पिल्लू दिसतंय."

पान जाड असण्याची कारणं दोन असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक जाडी चिवट असते. पान वाकवलं की दुमडतं आणि परत सरळ होतं. असं पान पाणी फार साठवत नाही, असलेलं पाणी उडू नये म्हणून आवरण घट्ट ठेवतं. रबर प्लांट या जातीचा. दुसरी जाडी मांसल असते. दुमडलं की पान कट्कन मोडतं आणि बोटाला ओल लागते. हे पान म्हणजे पाण्याची टाकी. पहिल्याला दुसऱ्यापेक्षा पाणी जास्त वेळा लागतं, म्हणून इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

तेव्हा खालचं एक जुनं पान काढायचं, झाडाला काही होत नाही. देठाच्या जखमेतून पांढरा चीक आला तर झाड रबर प्लांटच्या किंवा शेराच्या गोतातलं असू शकतं. असा चीक डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो, हात धुऊन टाका. आपल्या झाडातून चीक येत नाही. आता तेच पान नव्या ब्लेडने आडवं कापून कापलेली कड खिडकीच्या उजेडात धरा. वरच्या बाजूला काचेसारखा पारदर्शक थर दिसेल आणि त्याच्या खाली हिरवा पट्टा. तो पारदर्शक थर म्हणजे साठवलेलं पाणी. झाड तहानलं की हाच थर आकसतो आणि पान हाताला पातळ, मऊ लागतं. पाणी कधी घालायचं हे झाड पानातूनच सांगतं, ते असं.

उजेडाचं उत्तर पानाच्या आकारात आहे. साठवण करणारं झाड म्हणजे उन्हातलं, असं गृहीत धरून पुष्कळ जण ते पश्चिमेच्या ग्रिलमध्ये ठेवतात. पण कडक उन्हातली मांसल झाडं बहुधा पान लहान ठेवतात, त्यावर राखट मेण किंवा लव आणतात, खोड लाकडी करतात. जेडचं खोड तसंच लाकडी होतं. आपल्या झाडाचं पान रुंद, गडद आणि पसरट आहे, मेणाची राख नाही, खोड कोवळं. झाडांच्या सावलीत मिळेल तो उजेड गोळा करणारं हे पान आहे. एप्रिलमधलं दुपारी तीनचं ऊन पडलं की त्यावर फिकट, कोरडे चट्टे उठतात आणि ते भरून येत नाहीत. त्याला पूर्वेची खिडकी, काचेपासून दोन-तीन फुटांच्या आत, किंवा पश्चिमेला पातळ पडद्यामागची जागा द्या.

वाढीची ढब बघताना दोन पानांमधलं अंतर, म्हणजे पेर, बघायचं. पेरं लांब दिसली की झाडाला वेल ठरवू नका. बुडापासून शेंड्यापर्यंत सारखीच लांब असतील आणि पेरांच्या गाठींवर मुळांचे कोंब दिसत असतील, तर वेल. खालची पेरं आखूड आणि फक्त वरची लांब असतील, तर ते उजेडासाठी ताणलेलं झुडूप आहे, त्याला आधार नको, खिडकी हवी. आपल्या झाडाची पेरं आखूड आहेत आणि ते आडवं पसरतं आहे, तेव्हा काठी-बिठी लागत नाही.

राहिली मुळं. आत बहुतेक वेळा नर्सरीची काळी प्लॅस्टिकची कुंडी असते. ती बाहेर काढली की दिसतं, मुळं बारीक आणि उथळ आहेत. पाणी पानात साठतं, म्हणून मुळांचा पसारा लागत नाही. मोठ्या कुंडीत लावलं तर मुळांपलीकडची माती आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजतात. चार इंची कुंडीतून फार तर पाच इंचीत जा. दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट किंवा विटेचे बारीक तुकडे, एक भाग पालापाचोळ्याचं खत. नुसती लाल माती नको, पावसाळ्यात तिचा गोळा होतो. पांढरी कुंडी आवडत असेल तर बाहेरचं भांडं म्हणून वापरा, पण त्यात साचलेलं पाणी ओतून टाका.

पाण्यासाठी दोन खुणा एकत्र बघा: वरची निम्मी माती कोरडी आणि मधलं पान दाबल्यावर किंचित लवचिक. दोन्ही असतील तर खालून निथळेपर्यंत पाणी द्या. मे महिन्यात हे साधारण आठवड्याने येईल, जुलैत दोन आठवडेही लागतील. वार ठरवून पाणी घालू नका.

पान मऊ आणि माती ओली असेल, तर थांबा. हा तहानेचा प्रकार नव्हे. मुळं कुजली आहेत, म्हणून भोवती पाणी असूनही वर चढत नाही. नेमकं इथेच लोक आणखी तांब्याभर पाणी घालतात. झाड उपसून बघा: मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील आणि खोड मातीलगत काळं पडलं असेल, तर खालचा भाग सोडून द्या. वर निरोगी खोड दिसेल तिथे कापा, तीन-चार पानांचा तुकडा एक दिवस सावलीत सुकवा आणि जेमतेम ओल्या कोकोपीट-परलाइटमध्ये लावा. साधारण महिन्याभरात तुकडा धरतो. पावसाळ्यात पानाखाली बुचासारखे बारीक फोड आले तर ती कीड समजून फवारे मारू नका. दमट हवेत, कमी उजेडात मुळं जास्त पाणी ओढतात आणि पेशी फुटतात. पाणी कमी करून झाड खिडकीजवळ सरकवलं की नवी पानं स्वच्छ येतात.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. काही झाडं साठा पानात न ठेवता जमिनीखाली ठेवतात. झेडझेडचं पान काही फार मांसल नसतं, पण बुडाशी माती उकरली की बटाट्यासारखी गाठ लागते, आणि त्याला आपल्या झाडाहूनही कमी पाणी चालतं. म्हणून पान बघून झालं की बोट मातीतही घाला.

आणि नाव हवंच असेल तर फुलाची वाट बघा. पानांतून पाकळ्या नसलेली, हिरवट-पांढरी, सरळ कणसं उभी राहिली तर ते पेपरोमिया, मिरी आणि विड्याच्या पानाच्याच कुळातलं. कणसं शोभेची नाहीत, खुडली तरी चालतात.