आमची वाटचाल: टेस्टिंग बेंचवर पडणारी एंट्री

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं ट्रॅक्टरच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे कनेक्टर लावून एकत्र बांधलेल्या वायरींचं, छोटं युनिट आहे, प्रोडक्शन दादा बघतो आणि हिशोब माझ्याकडे. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही मोठे लॉट करायचो, म्हणजे आठवडाभराची वायर एकदम कापून ठेवायची, मग क्रिम्पिंग, मग बोर्डवर मांडणी, टेपिंग, टेस्टिंग. माल एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेला की चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवरून अर्धवट मालाच्या खात्यात एंट्री. तेव्हा ते बरोबरच होतं कारण बोर्डांवर आणि क्रेटमध्ये खरंच लाखांचा माल अडकलेला असायचा.

मग कस्टमरने रोजचं शेड्यूल द्यायला सुरुवात केली, लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच. लॉट छोटे झाले आणि सकाळी कापलेली वायर संध्याकाळपर्यंत टेस्ट होऊन पॅक व्हायला लागली. चिठ्ठ्या मात्र तेवढ्याच, उलट लॉट वाढल्यामुळे जास्तच. शेवटी सुपरवायझरच म्हणाला, "ताई, सकाळची वायर संध्याकाळी गाडीत चढून राहिली, मंग मधल्या पाच चिठ्ठ्या कोणासाठी लिहू जी?" त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, सकाळी खात्यात घातलेला माल संध्याकाळी त्याच खात्यातून काढायचा यातून कोणालाच काही कळत नव्हतं.

तिथून आम्ही बॅकफ्लश कॉस्टिंगवर आलो. यात मधल्या टप्प्यांवर एंट्रीच करायची नाही. माल तयार झाला की किती नग झाले ते बघायचं, बीओएम म्हणजे एका नगाच्या सामानाची यादी, तिच्याप्रमाणे किती वायर, किती टर्मिनल, किती कनेक्टर लागतात त्याने गुणायचं आणि तेवढा माल मागे जाऊन खात्यातून वजा करायचा. मजुरी, वीज, भाडं हे सगळं एकत्र धरून कन्व्हर्जन कॉस्ट, तीही नगामागे ठरलेल्या दराने चढवायची. कच्चा माल आणि अर्धवट माल यांचं एकच खातं राहतं.

आता खरा प्रश्न हा होता की एंट्री कधी टाकायची, माल पूर्ण झाल्यावर की विकल्यावर? दोन्ही पद्धती चालतात आणि नफा वेगवेगळा येतो, म्हणून एका महिन्याचे आकडे समजायला सोपे करून सांगते. एका हार्नेसची स्टँडर्ड कॉस्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला खर्च, ४२० रुपये धरा, त्यात कच्चा माल ३०० आणि कन्व्हर्जन १२०. सुरुवातीला स्टॉक काहीच नाही. महिन्यात खरेदी ३,१२,००० ची, कन्व्हर्जनचा प्रत्यक्ष खर्च १,२६,०००, तयार झाले १,००० नग आणि विकले ९५०.

माल पूर्ण झाल्यावर एंट्री टाकली तर तयार मालाच्या खात्याला ४,२०,००० नावे पडतात, समोर कच्च्या मालाच्या खात्यातून ३,००,००० जमा आणि कन्व्हर्जनचे १,२०,००० जमा. विक्री झाली की ९५० नगांचे ३,९९,००० तयार मालातून निघून विक्री खर्चात जातात. महिनाअखेर तयार माल २१,०००, कच्चा माल १२,००० उरतो, आणि कन्व्हर्जनचे जे ६,००० जास्त लागले ते विक्री खर्चात टाकायचे.

विकल्यावर एंट्री टाकली तर तयार मालाचं खातंच लागत नाही. ९५० नगांचे मालाचे २,८५,००० आणि कन्व्हर्जनचे १,१४,००० विक्रीच्या दिवशी एकदम विक्री खर्चात. स्टॉक २७,००० दिसतो, त्यात १२,००० न वापरलेल्या कच्च्या मालाचे आणि १५,००० न विकलेल्या ५० नगांत गेलेल्या मालाचे आहेत, त्या नगांची मजुरी नाही. कन्व्हर्जनचा फरक ६,००० ऐवजी १२,००० येतो, म्हणजे नफा ६,००० ने कमी. हेच या पद्धतीचं बळ आहे, कारण नुसता माल बनवून गोडाऊनमध्ये ठेवला तर महिन्याच्या नफ्यात एक पैसा वाढत नाही, वाढवायचा असेल तर विकावंच लागतं.

ऐकायला मला दुसरी पद्धत जास्त पटली होती, तरी निवडली पहिली, आणि त्याचं कारण नागपूर. आमचे कनेक्टर पुण्याहून आणि त्याहून लांबून येतात, गाडी भरल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला निघत नाही, त्यामुळे कनेक्टर काही दिवसांचे आणि तयार हार्नेस थोडे हाताशी ठेवावेच लागतात. शून्य स्टॉक आमच्याकडे खरा नाहीच, मग पुस्तकात तो असल्यासारखं धरून कसं चालेल? दुसरं म्हणजे बँक. कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती पैसे उचलता येतील, ती त्यावरच ठरते, तिथे तयार माल मजुरीशिवाय दाखवला तर आपलंच नुकसान. सीए मॅडमनीही सांगितलं की अकाउंटिंग स्टँडर्ड २ प्रमाणे स्टँडर्ड कॉस्ट चालते पण ती खऱ्या खर्चाच्या जवळ हवी, आणि शिल्लक मालात कन्व्हर्जन धरावंच लागतं, म्हणजे विक्रीवर एंट्री टाकली असती तरी ३१ मार्चला ते ६,००० परत स्टॉकमध्ये आणावे लागलेच असते. आता टेस्टिंग बेंचवर नग पास झाला की त्याच आकड्यावर टॅलीत मॅन्युफॅक्चरिंग जर्नल पडतं, बाकी कुठेही नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट फार जपावी लागते. खात्यातून माल बीओएमप्रमाणे वजा होतो, प्रत्यक्षात वापरला तसा नाही. त्याच महिन्यात पुस्तकात १२,००० चा कच्चा माल होता आणि मोजला तर ८,७०० चाच भरला. ३,३०० गेले कुठे? आम्ही दोघं कटिंग मशीनशेजारी बसून बघितलं. बीओएममध्ये एका हार्नेसला ६.२ मीटर वायर होती, पण रीळ संपताना उरणारं टोक आणि सेटिंग करताना कापलेले तुकडे धरले तर ६.३५ मीटर जात होती. १,००० नगांना १५० मीटर जास्त, १४ रुपये मीटरने २,१००. उरलेले १,२०० म्हणजे टेस्टिंगला फेल होऊन भंगारात गेलेले चार नग. पास झालेच नाहीत म्हणून त्यांचा माल खात्यातून निघालाच नाही, भंगाराच्या पेटीत तांबं पडलेलं आणि पुस्तकात स्टॉक जिवंत.

तेव्हापासून फेल नगाची चिठ्ठी सक्तीची आहे, जुन्या पाच चिठ्ठ्यांच्या जागी आता ही एकच चिठ्ठी आहे. बीओएममध्ये वायर ६.३५ केली, त्यामुळे मालाची स्टँडर्ड कॉस्ट ३०२.१० झाली. आणि दर शनिवारी वायर व महागडे कनेक्टर मोजतो, कारण फरक महिनाअखेर सापडला तर तो कोणत्या लॉटचा हे शोधता येत नाही, मागचा कागदच नसतो. ऑडिटरची या पद्धतीबद्दल मुख्य तक्रार हीच असते आणि ती रास्त आहे. अजून एक खूण सांगते, एखाद्या आयटमचा स्टॉक मायनसमध्ये गेला आणि त्याच्याच जोडीचा दुसरा आयटम न हलता वाढत चालला, की समजायचं फ्लोअरवर कनेक्टर बदललाय आणि बीओएम जुनाच आहे.

मार्चअखेर बोर्डांवर अर्धवट असलेले नग हाताने मोजून त्यांची मजुरी वेगळ्या एंट्रीने घेतो, रोज एका दिवसाच्या आत काम संपतं म्हणून ती रक्कम लहान असते. मागच्या वर्षी कंट्रोल पॅनलचं काम घेतलं, एक पॅनल तयार व्हायला तीन आठवडे लागतात आणि प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं. दादा म्हणाला यालाही बॅकफ्लशच लावू, मी नाही म्हटलं. तीन आठवडे पुस्तकात मजुरीचा पत्ताच नसेल तर महिन्याचा नफा काय बघणार? त्या शेडमध्ये जुन्या जॉब कार्डवरच काम चालतं, प्रत्येक पॅनलचं वेगळं.