एल होतं, एक्सएल झालं

सप्रेम नमस्कार,

नेहमीच्या ताई, काकू, मावशींना हे पत्र मुद्दाम लिहितोय. दिवाळीनंतर आपल्याकडच्या कुर्त्या अहमदाबादहून यायच्या बंद झाल्या. त्या व्यापाऱ्यांनी धंदाच आवरला. आता माल जयपूरहून येतो. नवा माल लावल्यावर पहिल्याच आठवड्यात नेहमीच्या एक काकू एल साइजची कुर्ती घालून न बघता घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. "बारा वर्षं एल घालते, आणि ही काखेत रुतते!" मला वाटलं, एखादा पीस चुकीचा शिवला असेल. दुसरा काढला, तोही तसाच.

रात्री शटर ओढून आम्ही दोघं टेप घेऊन बसलो. जुन्या मालातली उरलेली एल सपाट पसरली, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजली: २१ इंच, म्हणजे घेर ४२. नवी एल: २० इंच, घेर ४०. लेबलवर दोन्हीकडे ४०च! तेव्हा उलगडा झाला. जुना व्यापारी अंगाचं माप लिहायचा आणि शिवताना दोन इंच सैल ठेवायचा. नवा तयार कपड्याचं माप लिहितो. खोटं कुणीच लिहीत नाही, पण छाती ४० असलेल्या बाईला ४० घेराची कुर्ती कशी बसणार? सगळे साइज मोजले, सगळीकडे हाच दोन इंचांचा फरक. म्हणजे एम घालणाऱ्यांनी एल मागावा, एल घालणाऱ्यांनी एक्सएल. वजन वाढलंय असं मनात आणू नका. (आमच्या सौ.नी हे वाक्य घालायलाच लावलं.)

खांद्याचं मात्र आधी कळलं नाही. एक साइज वर गेलं की खांदाही अर्धा इंच वाढतो. ज्यांचा खांदा अरुंद आहे त्यांना शिवण खाली ओघळलेली दिसेल. अशांनी घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी अडचण मार्जिनची. जुन्या कुर्तीत बाजूच्या शिवणीत इंचभर कापड सोडलेलं असायचं, उसवून सैल करता यायची. नवीला कडेला ओव्हरलॉक मारून कापड कापलेलं असतं. आत उलटून बघा, लगेच कळेल. मोठी असेल तर आवळून देऊ, पण घट्ट कुर्ती सैल होणार नाही.

एक सुती एक्सएल घरी धुऊनही पाहिली. घेर ४२चा ४१ झाला. म्हणून सुती घेताना अंगाला चिकटून बसणारी नको.

गळ्याचं लेबल काढता येत नाही, काढलं तर व्यापारी माल परत घेत नाही. म्हणून प्रत्येक कुर्तीला पिवळी चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर मी स्वतः मोजलेला घेर आहे. येताना नीट बसणारी एखादी जुनी कुर्ती घेऊन या. दोन्ही काउंटरवर एकावर एक पसरू.

आपला,
दुकानदार