दोनशे पावलं, तीन तास: शेवाळ आणि दगडफूल ओळखताना

रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली आणि आम्ही दोघं निघालो. वाट दोन तासांची होती, पण तीन तासांत आम्ही जेमतेम दोनशे पावलं गेलो. एक खडक आणि एक झाडाचं खोड, एवढ्यातच सकाळ संपली.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. पाण्यावरची बुळबुळीत हिरवी साय आणि भिंतीवरची मऊ हिरवळ, या दोन्हींना आपण शेवाळच म्हणतो. इथे पहिलीला शैवाल म्हणतो, आणि शेवाळ म्हणजे दुसरी, जिला इंग्रजीवरून मॉस म्हणतात. शेवाळ ही खरीखुरी वनस्पती आहे. तिला इवलंसं खोड असतं, पानं असतात, फक्त खरी मुळं नसतात. दगडफूल, म्हणजे लायकेन, ही वनस्पतीच नव्हे. ती बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं सूक्ष्म शैवाल यांची जोडी आहे. त्यामुळे पहिला प्रश्न रंगाचा नाही, पानांचा. दहापट भिंगातून खोडाला लागलेली पानं दिसली की शेवाळ.

भिंग मात्र डोळ्याला चिकटवून धरा आणि डोकं खडकाजवळ न्या. माझा सोबती भिंग खडकाजवळ धरून लांबून बघत होता आणि 'काहीच दिसत नाही' म्हणून वैतागला होता.

खडकावर शेवाळाचे दोन प्रकार शेजारी शेजारी होते. एक उशीसारखं गुबगुबीत. त्याची खोडं सरळ उभी, एकमेकांना खेटलेली, आणि बीजाणूंची कुपी धरणारा केसासारखा दांडा खोडाच्या शेंड्यातून निघालेला. दुसरं गालिच्यासारखं पसरलेलं. त्याची खोडं आडवी सरपटत फांद्या फोडत गेलेली आणि दांडे बाजूने निघालेले. दांडा कुठून निघाला हे पाहिलं की ठेवण बहुतेक वेळा कळते. दांडेच नसतील तर उशी की गालिचा एवढ्यावर भागवायचं.

दगडफुलांनी खरा घाम काढला. त्यांच्या वाढीच्या ढोबळ तऱ्हा तीन. काही रंग फासल्यासारखी दगडाला चिकटतात आणि त्यांना खालची बाजू अशी नसतेच, दगड खरवडल्याशिवाय निघत नाहीत. काही पानासारखी चपटी असतात, वरची बाजू एका रंगाची, खालची दुसऱ्या. काही झुडपासारखी उभी राहतात किंवा दाढीसारखी लोंबतात.

खोडावर तळहाताएवढा करडा डाग होता, कडेला गोलसर नागमोडी. मी लगेच 'पानासारखं' म्हणून वहीत लिहिलं. मग नखाने कड हलकेच उचलून पाहिली, तर उचललीच जात नाही! काही चिकट्या दगडफुलांची नुसती कड पाकळ्यांसारखी असते, खालची बाजू नसते. वितीभर वर तसाच दुसरा डाग होता. त्याची कड अलगद सुटली, खाली काळी बाजू आणि मुळांसारखे आखूड धागे. खरं पानासारखं ते. कड किंचित उचलून बघा आणि सोडून द्या, ओढू नका. पानासारखी दगडफुलं वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, चिकटी तर बऱ्याचदा एक मिलिमीटरही नाही.

त्याच खोडावर सालीवर कुणी बोरूने गिरवावं तशा बारीक काळ्या रेघा होत्या. फिकट थर म्हणजे चिकटं दगडफूल, आणि रेघा म्हणजे त्यातल्या बुरशीच्या बीजाणूंच्या फटी. बाकीच्या दगडफुलांवर हेच काम चिमुकल्या बश्या करतात. एका फांदीवरून दाढी लोंबत होती. तिचा एक ओला तंतू दोन बोटांत हळूच ताणला की बाहेरची साल तुटते आणि आत रबरासारखी पांढरी दोरी दिसते. ही ओळख सहसा चुकत नाही. गळून पडलेल्या तुकड्यावर करा, तेवढ्याने भागतं.

फसवणारा एक निघाला. खोडाच्या सावलीकडच्या बाजूला नारिंगी मखमल होती. सोबती म्हणाला दगडफूल. बोट फिरवलं तर नारिंगी भुकटी बोटावर आली. हे नुसतं शैवाल, बुरशीशिवाय राहणारं. पण भुकटी सुटली म्हणजे शैवालच, असंही नाही. काही दगडफुलं भुकटीसारखीच असतात, त्यांचा रंग बहुधा फिकट हिरवट करडा.

माझी चूक सांगतो, ती टाळा. पाण्याची फवारणी बाटली नेली होती आणि उत्साहात आधी पाणी मारलं. करडं दगडफूल क्षणात हिरवं झालं, कारण वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसतं. आदल्या आठवड्यातला कोरडा फोटो आणि आजचा ओला फोटो पाहून मी दोन वेगळ्या जाती धरून बसलो होतो. आधी कोरडा फोटो घ्या, मग पाणी मारा, मिनिटभर थांबून दुसरा घ्या. शेवाळाची आवळलेली पानं याच मिनिटात उलगडतात, ते भिंगातून बघायचं राहू देऊ नका.

जातीपर्यंत जायचा हट्ट पहिल्या फेरीत सोडा. अनेक दगडफुलांना त्यासाठी रसायनं आणि सूक्ष्मदर्शक लागतो. मी वहीत प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहिल्या: कशावर, कोणती तऱ्हा, कड सुटते का.