आईची मिसळ आणि शंभर शब्द

केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरी या इंग्रजीच्या परीक्षेच्या आधीचा शनिवार. वर्ग सुटल्यावर नववीतली एक मुलगी मागे थांबली. हातात तिचा सरावाचा लेख. व्याकरणाची चूक एकच, स्पेलिंग सगळी बरोबर, आणि मी दिलेले गुण वीसपैकी तेरा.

"मॅडम, चूक नाही तर गुण कुठे गेले?"

प्रश्न रास्त होता. या परीक्षेत लेखनाला ४५ मिनिटं असतात आणि दोन उत्तरं लिहायची, प्रत्येकी साधारण शंभर शब्दांची. पहिली ईमेल सक्तीची, दुसऱ्यात लेख किंवा गोष्ट यांपैकी एक. प्रत्येक उत्तराला आशय, संवाद, मांडणी आणि भाषा अशा चार बाजूंनी शून्य ते पाच गुण मिळतात. तिला भाषेत चार होते, पण संवादात दोनच. संवाद म्हणजे लेख लेखासारखा वाटतो का आणि वाचकाला धरून ठेवतो का.

सरावाचा विषय मीच दिलेला, एका मासिकाच्या जाहिरातीच्या धर्तीवर: तुम्ही बाहेर कुठे खाता? तिथलं काय आवडतं? घरचं खाणं चांगलं की बाहेरचं? तिने सुरुवात केली होती, 'अन्न ही माणसाची मूलभूत गरज आहे.' शाळेतल्या निबंधाने लावलेली ही सवय मी वर्षानुवर्षं खोडतेय. शेवटी 'घरचं आणि बाहेरचं, दोन्हीचे आपापले फायदे आहेत.' म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं केलं आणि दिलं नाही.

मी कागद उलटा ठेवला. "लिहू नकोस, मला नुसतं सांग. बाहेर काय खातेस?"

"मिसळ."

"घरी नाही होत?"

"होते ना! पण बाबांना अ‍ॅसिडिटी, म्हणून आई तर्रीच घालत नाही. मटकीची उसळ फरसाण टाकून खायची, तिला मिसळ म्हणायचं."

आम्ही दोघी हसलो. माझ्या मते लेख इथेच सुरू झाला होता. त्या एका तक्रारीत सुरुवातही होती आणि मतही. मुलं या दोन गोष्टी वेगळ्या समजतात. आधी आकर्षक काहीतरी लिहायचं आणि मत शेवटी चिकटवायचं.

तिथेच बसून तिने दुसरा मसुदा लिहिला. वाचायला झकास. पण मिसळीचं, आईचं, बाबांच्या गोळ्यांचं वर्णनच साठ शब्द झालं. मग हॉटेल आलं, तिथली गर्दी आली, आणि घरचं की बाहेरचं हा प्रश्न राहूनच गेला. तरी शब्द दीडशेच्या पुढे. जास्त शब्दांचे म्हणून थेट गुण कापत नाहीत, पण विचारलेला मुद्दा सुटला की आशयाचे जातात, आणि ईमेल तपासायला ठेवलेली मिनिटंही गेलेली असतात. माझीही चूक झाली होती. रंगवायला सांगितलं, माप सांगितलं नाही.

मग हिशेब केला. सुरुवात दोन वाक्यं, पंचवीस शब्दांच्या आत. पहिल्या दोन प्रश्नांना मिळून पन्नास. उरलेले मताला आणि शेवटाला.

तिसऱ्या मसुद्याचं पहिलं वाक्य तिने लिहिलं, 'माय मदर मेक्स द सेफेस्ट मिसळ इन पुणे.' मी पेन खाली ठेवलं. व्याकरण बी-वनच्या आवाक्यातलं, साधं विशेषणाचं तमभाव रूप, पण 'सेफेस्ट' या शब्दाने सगळं काम केलं. पुढचं वाक्य वाचायलाच हवं.

फक्त एक अडचण होती. तपासणाऱ्याला मिसळ माहीत असेलच असं नाही. 'मोड आलेल्या कडधान्याची झणझणीत उसळ, वर कुरकुरीत फरसाण' हे इंग्रजीत सात-आठ शब्दांत बसवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. 'तर्री'ला सोपा शब्द मिळेना, शेवटी 'लाल, तिखट रस्सा' यावर भागवलं.

मताच्या जागी ती पुन्हा अडखळली. "घरचं वाईट असं कसं लिहू?"

"वाईट म्हणू नकोस. घरचं पोटाला बरं हे मान्य कर, आणि तरी तू काय निवडशील ते सांग."

तिने लिहिलं की पोटासाठी घर बरं, पण मिसळ खायची तर ती बाहेरच जाईल, कारण घाम न आणणारी मिसळ ही मिसळच नव्हे. एकूण एकशे चार शब्द. या वेळी संवादाला मी पाच दिले.

निघताना दारातून ती परत आली. "मॅडम, हा कागद तुमच्याकडेच ठेवा ना. घरी नेला तर आई वाचेल."