कोपऱ्यातला झेंडा

जर्मनीतल्या ट्रियरमध्ये तीन दिवस काढले, पोर्टा निग्रा ही तिथली रोमन वेस डोळे भरून पाहिली, मोझेल नदीच्या काठाने पाय दुखेपर्यंत चालले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते तिकिटाच्या एका यंत्राबद्दल. तिथून निघताना सरहद्दीजवळच्या एका लहान स्थानकावर त्याने मला रडकुंडीला आणलं.

मला लक्झेंबर्गला जायचं होतं. त्या देशात २०२० पासून सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, पण हद्दीच्या अलीकडच्या जर्मन भागासाठी तिकीट लागतंच. खिडकीवर माणूस नव्हता. गाडीला नऊ मिनिटं होती आणि पडद्यावर सगळं जर्मन.

भाषा बदलायची सोय असणार याची खात्री होती. मी `Sprache`, म्हणजे भाषा, हा शब्द शोधला, `English` शोधलं; दोन्ही नव्हते. खालच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा-लाल-पिवळा झेंडा होता. तो मला दिसला होता, पण जर्मनीत जर्मन झेंडा, यात दाबण्यासारखं काय? मला ते नुसतं देशाचं चिन्ह वाटलं. खरी मेख इथेच आहे. तो झेंडा पडद्यावर आत्ता कुठली भाषा आहे ते सांगतो. ज्याला ती भाषा येत नाही, तो मात्र स्वतःच्या भाषेची खूण शोधत असतो, आणि ती त्या झेंड्यामागे दडलेली असते.

म्हणून मी अंदाजाने पुढे गेले. गावाचं नाव टाकलं, दोनदा `Weiter`, म्हणजे पुढे, दाबलं आणि भाड्याच्या प्रकारांच्या यादीपाशी अडकले. तेवढ्यात कोपऱ्यातून झेंडाही गेला होता. भाषा फक्त पहिल्या पडद्यावर बदलता येते, खरेदी सुरू झाली की नाही. `Abbrechen` म्हणजे रद्द, एवढं ठाऊक होतं. ते दाबून पहिल्या पडद्यावर आले आणि शेवटी तो झेंडा दाबला.

पाच-सहा झेंड्यांची रांग उघडली. एकाखालीही नाव नाही. ऊन सरळ पडद्यावर येत होतं, रंग विटलेले. ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स या तिन्ही झेंड्यांत लाल, पांढरा आणि निळा हेच रंग. फ्रान्सचे पट्टे उभे, नेदरलँड्सचे आडवे, ब्रिटनच्या एकमेकांवरून जाणाऱ्या रेघा. मोठ्या झेंड्यावर हा फरक लपत नाही, पण इथे मला तीन सारखेच ठिपके दिसत होते. मी दाबला तो नेदरलँड्सचा निघाला. परत मागे, मग इंग्रजी. तिकीट हातात आलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती.

वळले तर मागे एक आजी उभ्या. त्या लगेच यंत्राशी गेल्या आणि थबकल्या. पडदा अजून इंग्रजीतच होता. थोडा वेळ कुणी हात लावला नाही तर असं यंत्र आपोआप मूळ भाषेवर येतं, पण आजींनी मधे वेळच जाऊ दिला नव्हता. आता कोपऱ्यात ब्रिटनचा झेंडा होता, आणि स्वतःच्या गावच्या स्थानकावर त्या स्वतःची भाषा शोधत होत्या. माझ्याकडे बघून त्या जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण चेहरा ओळखीचा होता. पाच मिनिटांपूर्वी माझा तसाच झाला असणार.

मी परत गेले, कोपऱ्यातला झेंडा दाबला, रांगेतला काळा-लाल-पिवळा दाखवला. त्यांनी तो स्वतः दाबला आणि `Deutsch` पडद्यावर येताच माझा हात घट्ट धरला. माझी गाडी गेली. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. पण त्या यंत्राचा राग अजून गेलेला नाही.

भाषेसाठी झेंडा वापरू नका, असं वेबचे संकेत ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी संस्थाही सांगते. झेंडा देशाचा असतो. ऑस्ट्रियाचा माणूस जर्मन बोलतो, त्याने जर्मनीचा झेंडा का शोधावा? स्वित्झर्लंडच्या चार राष्ट्रीय भाषा एका झेंड्यात कशा मावणार? आणि आपल्या मराठीने कुठला झेंडा लावायचा? तिरंगा लावला, तर तो हिंदीचा की तमिळचा, हे कुणी सांगायचं?

त्यापेक्षा प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत आणि त्याच लिपीत लिहावं: `Deutsch`, `English`, `Français`, `मराठी`. आपल्या भाषेचं नाव माणूस परक्या अक्षरांच्या गर्दीतही चटकन ओळखतो. आणि ही नावं पहिल्या पडद्यावर उघडी असावीत, शेवटचा पडदा येईपर्यंत तिथेच राहावीत.

पुढची गाडी यायला वेळ होता. आजी बाकावर माझ्या शेजारी बसून राहिल्या, त्या जर्मनमध्ये बोलत होत्या आणि मी मराठीत.