दोनदा फेडायचे एक लाख वीस हजार

अमेरिकेत दुकान, ऑफिस किंवा दवाखान्यासाठी जागा भाड्याने घेताना मालक बऱ्याचदा आतल्या बांधकामासाठी पैसे देऊ करतो. याला टेनंट इम्प्रूव्हमेंट अलाउन्स म्हणतात, बोलताना नुसतं टीआय. न्यू जर्सीत मी लहान व्यावसायिकांचे लीज सहीआधी वाचून, त्यातले आकडे मांडून देते. माझ्याकडे येणाऱ्यांत एडिसन आणि आसपासचे आपले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, क्लासवाले बरेच असतात. टीआयबद्दल त्यांचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो: मालक किती देतोय? त्या पैशांची वसुली भाड्यातून कशी होते, हे एका दंतवैद्य बाईंच्या लीजमध्ये मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

बाई मूळच्या सांगलीच्या. दहा वर्षं दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये नोकरी करून आता स्वतःचं काढणार होत्या. जागा २,४०० चौरस फुटांची, आतून पूर्ण रिकामी: काँक्रीटची जमीन आणि उघडं छत. दातांच्या दवाखान्याला खर्च फार येतो, कारण प्रत्येक खुर्चीपाशी पाणी, ड्रेनेज, दाबाची हवा आणि सक्शन अशा चार लाइन न्याव्या लागतात आणि त्यासाठी जमीन फोडावी लागते. कंत्राटदाराचा अंदाज होता ३,६०,००० डॉलरचा. मालकाने चौरस फुटाला ५० डॉलर, म्हणजे १,२०,००० देऊ केले होते.

"ताई, तिसरा हिस्सा खर्च तो करतोय. एवढं कोण देतं?" असं म्हणत त्यांनी लीजचा मसुदा पाठवला. सही पुढच्या आठवड्यात होती.

मी आधी मालकाच्या एजंटाला एकच प्रश्न लिहून पाठवायला सांगितलं: टीआय अजिबात घेतला नाही, तर भाडं किती? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत बाकी काही वाचण्यात अर्थ नसतो. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. टीआयशिवाय चौरस फुटाला वर्षाला २६ डॉलर, टीआयसह ३३.२८. कर, विमा आणि देखभाल दोन्हींत वेगळी. एजंटाने सरळपणे हेही लिहिलं होतं की, मधले ७.२८ म्हणजे ५० डॉलर ८ टक्के व्याजाने दहा वर्षांत परत घेण्याचा हप्ता.

हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये कोणालाही पडताळता येतो:

```
=PMT(8%/12, 120, -120000)
```

उत्तर येतं महिना १,४५५.९३ डॉलर. मालकाने १,४५६ धरले होते. दहा वर्षांत १,७४,७२०. म्हणजे बाईंना मिळालेलं हे सरळ कर्ज होतं, भाड्याच्या रकान्यात बसवलेलं. त्यात मला गैर काही वाटत नाही. मालक आज रोख पैसे घालतो, आणि दातांच्या दवाखान्याची फोडाफोड पुढच्या भाडेकरूला बहुधा निरुपयोगी असते, म्हणून तो व्याज घेणारच. बाईंच्या बँकेने साडेसात टक्के सांगितले होते. त्या दराने महिना १,४२४ पडले असते, म्हणजे फरक किरकोळ. पण बँकेची मर्यादा खुर्च्या, एक्स-रे आणि सुरुवातीच्या पगारांसाठी लागणार होती. त्यामुळे मालकाचे पैसे घेणं शहाणपणाचंच होतं.

खरी गोष्ट पुढे होती. मसुद्यात लिहिलं होतं की भाडं दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल. कुठलं भाडं? पूर्ण ३३.२८. जागेचं भाडं महागाईबरोबर वाढावं हे समजण्यासारखं आहे. पण ७.२८ हा कर्जाचा हप्ता होता आणि मालकाचा नफा त्यातल्या ८ टक्क्यांत आधीच धरलेला होता. हप्ता दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढवायचा म्हणजे व्याजावर आणखी व्याज. मी दहा वर्षांची बेरीज केली: १,७४,७२० च्या जागी सुमारे २,००,३००. मग खरा दर किती पडतो ते काढलं, तर साधारण १०.६ टक्के. एजंटाच्या पत्रातले ८ टक्के खोटे नव्हते. मसुद्यातल्या एका सरसकट वाक्याने ते बदलले होते.

रात्री उशिरा मी मुदतवाढीचं कलम उघडलं. दहा वर्षांनंतर बाईंना आणखी पाच वर्षं राहण्याचा हक्क होता, आणि तो चांगला हक्क आहे, कारण पेशंट पत्त्याला चिकटलेले असतात. त्या पाच वर्षांचं भाडं काय? "मुदतीच्या शेवटच्या वर्षीच्या भाड्यात ३ टक्के वाढ आणि पुढे दरवर्षी तशीच." बस, दोन ओळी.

मी कागदावर फक्त टीआयचा भाग वेगळा काढला. पहिल्या वर्षी तो १७,४७२ डॉलर. दहाव्या वर्षाच्या अखेरीस कर्ज व्याजासकट फिटलेलं. पण अकराव्या वर्षाचं भाडं दहाव्यावरून मोजायचं, म्हणून फिटलेला हप्ता तसाच पुढे चालू राहतो, आता वर्षाला सुमारे २३,५०० झालेला. पाच वर्षांची बेरीज आली १,२४,६०० च्या वर. मी ती पुन्हा मोजली. मालकाने दिले होते १,२०,०००. ते व्याजासकट परत मिळाल्यावर, नवा एक डॉलरही न घालता, मूळ रकमेपेक्षा जास्त पैसे त्याला पुन्हा मिळणार होते, आणि तेही बाईंनी स्वतःच्या पैशांनी उरलेला दोन तृतीयांश खर्च केलेल्या जागेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आणि त्यांचे यजमान घरी आले. मी दोन रकाने समोर ठेवले. यजमान आयटीतले, आकडे त्यांना लगेच कळले. बाई मात्र बराच वेळ त्या अकराव्या वर्षाच्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे त्याने मुद्दाम केलंय का?"

मला तसं वाटत नव्हतं आणि मी तसं सांगितलंही. असे मसुदे छापील साच्यातून निघतात. त्या साच्यात भाडं एकच आकडा असतो, त्यात काय काय मिसळलंय हे त्या कलमांना माहीत नसतं. पण साचा मालकाच्या वकिलाने बनवलेला असल्यामुळे चूक नेहमी एकाच बाजूला पडते. ती शोधणं भाडेकरूच्याच माथी येतं.

यजमानांनी विचारलं, मालकाला एवढीच उचल द्यायची तर भाडं कमी का करत नाही? याचं उत्तर इमारतीच्या किमतीत आहे. इथे व्यापारी इमारतीची किंमत तिच्या निव्वळ वार्षिक भाड्यावरून ठरते. खरेदीदार ७ टक्के परतावा मागत असेल, तर वर्षाला १७,४७२ डॉलर जास्त भाडं म्हणजे किमतीत जवळजवळ २,५०,००० ची भर. मालकाने त्यासाठी घातलेले १,२०,०००. म्हणून तो रोख द्यायला तयार असतो, पण कागदावरचं भाडं खाली आणायला नाही. हे एकदा लक्षात आलं की वाटाघाटीत काय मागावं तेही कळतं: आकडा कमी करा असं म्हणण्यापेक्षा आकड्याचे दोन भाग करा असं म्हणणं जास्त फळतं.

आम्ही तेच मागितलं. भाड्याच्या तक्त्यात दोन ओळी हव्यात. पहिली मूळ भाड्याची, २६ डॉलरपासून, दरवर्षी ३ टक्के वाढणारी. दुसरी टीआयच्या हप्त्याची, १२० महिने स्थिर आणि त्यानंतर शून्य. मुदतवाढीचं भाडं फक्त पहिल्या ओळीवरून.

त्यांच्या एजंटाने आधी दुसरा पर्याय सुचवला: अकराव्या वर्षी बाजारभावाने भाडं ठरवू. ऐकायला रास्त वाटतं. पण बाजारभाव म्हणजे कुठल्या जागेचा? आजूबाजूच्या तयार दवाखान्यांशी तुलना केली, तर बाईंनी स्वतःच्या पैशांनी केलेल्या बांधकामाचंही भाडं त्यांनाच भरावं लागेल. बाजारभाव मान्य करायचा तर भाडेकरूने केलेलं बांधकाम हिशेबात धरायचं नाही, हे कलमात लिहून घ्यावं लागतं. आम्ही पहिलीच मागणी धरून ठेवली.

मुदतवाढीवर मालक तासाभरात तयार झाला. दहा वर्षांपुढचं त्याला तितकं महत्त्वाचं नव्हतं. स्थिर हप्त्यावर मात्र अडला. ३ टक्क्यांची वाढ सोडायची तर व्याज ९ टक्के हवं, असं त्याने कळवलं. मी लगेच मोजलं: महिना १,५२०, दहा वर्षांत १,८२,४०० च्या आसपास. सुरुवातीला महिन्याला ६४ डॉलर जास्त, पण एकूण जवळजवळ १८,००० कमी. पहिल्या वर्षी पेशंट कमी असतील म्हणून यजमान ६४ डॉलरवरही विचार करत होते. बाईंनीच ठरवलं, "स्थिर घेऊ. निदान किती फेडायचंय ते माहीत असेल."

पैसे हातात कधी पडणार, हाही प्रश्न होता. टीआय आधी मिळत नाही. काम पूर्ण करायचं, भरलेली बिलं दाखवायची, कंत्राटदार आणि त्याच्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनकडून इमारतीवर आमचा काही दावा नाही असं लिहून आणायचं, नगरपालिकेचा वापर परवाना जोडायचा, मग मालक रक्कम देतो. तोपर्यंत खर्च भाडेकरूचा. शिवाय देखरेखीची फी म्हणून ४ टक्के, म्हणजे ४,८०० डॉलर, त्यातूनच कापायचे होते. काम बाईंचा कंत्राटदार करणार असल्याने ही फी निम्म्यावर आली आणि रक्कम दोन टप्प्यांत द्यायचं ठरलं: अर्धी जमिनीखालच्या लाइनची तपासणी पास झाल्यावर, अर्धी शेवटी.

एक कलम मात्र आम्हाला हलवता आलं नाही. मुदतीआधी क्लिनिक बंद पडलं, तर टीआयची न फिटलेली रक्कम एकदम द्यावी लागेल, आणि त्याला बाईंची वैयक्तिक हमी. मालकाच्या जागी मीही ते सोडलं नसतं. पण "न फिटलेली रक्कम" म्हणजे किती, हे मसुद्यात कुठेच नव्हतं आणि तिथे भांडणाला जागा राहते. म्हणून १२० महिन्यांचा शिल्लक रकमेचा तक्ता लीजला जोडून घेतला. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर त्यात सुमारे ७३,२०० डॉलर दिसतात. बाईंनी तक्त्याच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं केली आणि लीजवर सही केली.