पावसाळी नोंद: लंडनच्या टाकीचा हिशेब आणि रबराची एक रिंग

जूनपासून डिचोलीजवळच्या सड्यावर मॉडेल विमानं उडवणं बंद आहे, त्यामुळे यंदाचा पावसाळा इंधनाच्या हिशेबात घालवला. सुरुवात एका प्रश्नाने झाली. शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी मित्राच्या मुलीने विचारलं, "काका, मोठी बॅटरी घातली तर तुमचं विमान लंडनला जाईल?"

माझ्या ट्रेनर मॉडेलची चार सेलची लिपो बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५२० ग्रॅम भरते आणि तिच्यात ७४ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे किलोमागे साधारण १४२. प्रवासी विमानात भरतात त्या केरोसिनच्या एका किलोत जवळपास १२,००० वॅट-तास असतात. आठ मिनिटांच्या उड्डाणानंतर बॅटरी पुन्हा काट्यावर ठेवून त्या मुलीला दाखवली, तर तेच ५२० ग्रॅम. खरी अडचण इथे आहे: केरोसिन जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी पूर्ण वजनानिशी उतरते.

मग गोवा ते लंडन हे सुमारे ७,६०० किलोमीटर धरले. बोइंग ७८७-८ विमान तासाला ढोबळमानाने पाच टन केरोसिन जाळतं, म्हणून दहा तासांना ५० टन. ही ऊर्जा ६०० मेगावॅट-तास. जेट इंजिन त्यातला साधारण ४० टक्केच भाग कामी लावतं, विजेची मोटर ९० टक्के लावेल. ही सगळी सवलत बॅटरीला दिली तरी २६७ मेगावॅट-तास लागतात. चांगल्या लिथियम सेलचे किलोमागे २५० वॅट-तास धरले, तर वजन हजार टनांच्या पुढे जातं. या विमानाला उड्डाणाच्या वेळी सगळं मिळून २२८ टनांचीच मुभा आहे.

हायड्रोजनचं उलट आहे. त्याच ऊर्जेला तो फक्त १८ टन पुरतो, पण जागा खातो. उणे २५३ अंशांवर द्रवरूप केला तरी त्याचं एक घनमीटर जेमतेम ७१ किलो भरतं. केरोसिनचे ६३ घनमीटर पंखांत मावतात, हायड्रोजनला २५० हून जास्त लागतात. शिवाय इतकी थंड टाकी गोल किंवा दंडगोल आणि जाड आवरणाची हवी, त्यामुळे पंखांच्या चपट्या पोकळीचा उपयोग नाही. पाच मीटर व्यासाची टाकी धरली तर ती १३ मीटर लांब होते, म्हणजे प्रवाशांच्या बसायच्या जागेतूनच तेवढी लांबी जाते. राखीव इंधन यात धरलेलंच नाही.

म्हणून लांब पल्ल्याला सध्या त्याच टाकीत, त्याच इंजिनात जाणारं इंधन हवं. ते म्हणजे सॅफ, खनिज तेलाऐवजी वनस्पती किंवा टाकाऊ तेलासारख्या स्रोतांपासून बनवलेलं विमान इंधन. शॅकमध्ये मासळी तळून उरलेल्या तेलासारख्या तेलाला हायड्रोजनची प्रक्रिया देऊन त्यातला ऑक्सिजन काढतात आणि कार्बनच्या लांब साखळ्या तोडून, त्यांना फांद्या आणून केरोसिनच्या मापाच्या करतात. धुराड्यातून कार्बन तेवढाच बाहेर पडतो. बचत होते ती तो कार्बन झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेला असल्यामुळे.

पण हे इंधन नुसतं का वापरत नाहीत, निम्म्यापर्यंतच का मिसळतात? हे मला हातात धरून बघायचं होतं. इंधनाच्या सांध्यात गळती अडवायला सील म्हणून बसवतात तशा नायट्राइल रबराच्या ओ-रिंग म्हापशातून आणल्या, जाडी ३.५३ मिलिमीटर. एक साध्या केरोसिनमध्ये बुडवली, दुसरी अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे कार्बनच्या वलयांची संयुगं, काढून टाकलेल्या सॉल्व्हेंटमध्ये. पहिल्यांदा व्हर्नियरच्या जबड्यात रबर दबून मापं चुकली. नंतर रिंग काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून मोजली आणि काचेची जाडी वजा केली, तेव्हा आकडे स्थिर झाले.

चौदा दिवसांनी केरोसिनमधली रिंग ३.६६ झाली, दुसरी ३.५४ वरच थांबली. महत्त्वाचं पुढे आहे. फुगलेली रिंग उचलून सॉल्व्हेंटच्या बाटलीत टाकली, तर नऊ दिवसांत ती ३.५७ वर आली. वर्षानुवर्षं केरोसिन पिऊन फुगलेलं सील असं आकसलं की सांध्यातून गळती सुरू होते. केरोसिनमधले अ‍ॅरोमॅटिक रबरात शिरतात, तेलापासूनच्या सॅफमध्ये ते जवळजवळ नसतात. म्हणून मिश्रणात ते किमान ८ टक्के असावेत असं एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक सांगतं. २८ नोव्हेंबर २०२३ ला लंडनहून न्यूयॉर्कला पूर्ण सॅफवर गेलेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या ७८७ मध्येही १२ टक्के भाग मुद्दाम अ‍ॅरोमॅटिकचा होता, वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेला.

आता तिसऱ्या बाटलीत अर्धं-अर्धं मिश्रण भरलंय आणि त्यात पाकिटातली नवी रिंग सोडली आहे. कुणाकडे फ्लोरोकार्बन रबराच्या त्याच मापाच्या रिंग असतील तर कळवा. ते रबर इंधनात फारसं फुगत नाही, त्यामुळे आकसायचंही कारण नाही. ते शेजारी ठेवून मोजायचं आहे.